‘करणार नाहीस ना?’ असं विचारलं की ‘नाही’च ऐकू येतं

खानापूर तालुक्यातल्या एका गावातली ही गोष्ट आहे. मुलगा ओळखू येऊ नये म्हणून नाव, घरातली माणसं आणि दोन-तीन तपशील बदलले आहेत; काही गोष्टी दुसऱ्या घरांतल्या आहेत. आपण त्याला विनू म्हणू. वय 16. मराठी माध्यमातून दहावीला, म्हणजे एसएसएलसीला 84 टक्के मिळवलेला, आता बेळगावात पीयूसी पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावी सायन्सला. मी या भागात मुलांचं समुपदेशन करतो, त्यामुळे प्रकरण माझ्यापर्यंत आलं. पण जे महत्त्वाचं घडलं ते माझ्या खोलीत घडलेलं नाही, रताळ्याच्या शेताच्या बांधावर घडलं.

ज्याच्या घरात आज, आत्ताच मूल जीव देईल अशी भीती आहे त्याने पुढचं नंतर वाचावं. आधी 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरावर फोन लावावा. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. मुलाने काही करून घेतलं असेल किंवा करायच्या बेतात असेल, तर 108 किंवा 112, आणि पोराला एकटं सोडायचं नाही.

विनूच्या घरी दिवाळीत पहिली गोष्ट दिसली. आपल्याकडे दिवाळीला पोरं किल्ले करतात, ते सांगायला नको. विनूचा किल्ला म्हणजे गल्लीचं काम असायचं. माती कुठून आणायची, बुरूज किती, खंदकात पाणी थांबावं म्हणून खाली काय घालायचं, सगळं तो ठरवायचा. या वर्षी पोरं दाराशी येऊन हाका मारून गेली, हा आतून उठला नाही. आई म्हणाली, आता मोठा झाला. हे कुणालाही पटेल असंच होतं. पीयूसीला गेलेला पोरगा मातीत खेळत नाही.

मग पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने शेजारच्या छोटूला बोलावलं आणि मावळ्यांचा डबा देऊन टाकला. दहा-बारा वर्षांत जमवलेली मातीची चित्रं होती ती: मावळे, तोफवाले, एक हात तुटलेला पहारेकरी, फेटा दोनदा रंगवलेला. प्रत्येक चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. छोटू म्हणाला, “पुढच्या वर्षी परत देतो.” विनू म्हणाला, “नको, आता तूच ठेव.” छोटूने हे आईला सांगितलं, त्याच्या आईला कौतुक वाटलं. तेवढ्यावर ते थांबलं.

आजीला वेगळंच दिसत होतं. तिची झोप कमी. पहाटे तीनला उठलं की पडवीत हा बसलेला. “भाकरी खात नाही, नुसती मोडतो,” असं तिने सुनेला दोनदा सांगितलं. वडील उद्यमबागेत फौंड्रीत कामाला. शिफ्ट संपवून येईपर्यंत त्यांना पोरगा दिसायचाच नाही, दिसायचे ते मार्क. मिडटर्मला फिजिक्स आणि गणितात तो नापास झाला होता. एका रात्री वडिलांनी हात उचलला. नंतर चार दिवस अबोला. आणि पाचव्या दिवशी विनू एकदम मोकळा झाला. गाडी धुतली, आईला पीठ मळून दिलं, वडिलांना “बाबा, चुकलं माझं” म्हणाला. वडिलांच्या जिवात जीव आला. त्यांनी शेजाऱ्याला सांगितलंही, एक फटका बसला आणि पोरगा सुधारला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट कोणती म्हणाल, तर ही. कित्येक आठवडे खचलेला मुलगा, बाहेर काहीही बदललेलं नसताना, अचानक शांत आणि गोड होतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी ठरलेलं असू शकतं. दरवेळी तसंच असतं असं नाही. पण मार्क तेच, कॉलेज तेच, बापाशी बोलणं झालेलं नाही, मग हे हलकेपण आलं कुठून, एवढं तरी विचारावं लागतं.

चौथा तुकडा लग्न होऊन निपाणीला दिलेल्या बहिणीकडे होता. रात्री बारा वाजता विनूचा मेसेज: “अक्का, मी नसलो तर आईकडं बघशील ना.” तिने हसण्याची खूण पाठवली आणि झोपली. सकाळी तिला ते खटकलं.

आता बघा, हे चार तुकडे चार जणांकडे पडले होते. आजीकडे झोप आणि जेवण, छोटूच्या घरी डबा, बापाकडे अचानक आलेली शांतता, बहिणीकडे मेसेज. कुणाकडेच पूर्ण चित्र नव्हतं, म्हणून कुणालाच भीती वाटली नाही. सुटं सुटं घेतलं तर प्रत्येकाला एक साधं कारण होतं: मोठा झाला, अभ्यासाचं टेन्शन, सुधारला, गंमत करतो. घरचे बेफिकीर नव्हते. कुणी एकत्र बसून “तुला काय दिसलं, मला हे दिसलं” असं बोललं नव्हतं, एवढंच.

ते केलं मामीने. ती शेजारच्या गावात आशा कार्यकर्ती आहे. बहिणीने तिला मेसेज वाचून दाखवला, तेव्हा तिने आधी आजीला फोन केला, मग छोटूच्या आईला, आणि मग मला.

ती येण्याआधी आईने एकदा विचारून पाहिलं होतं. “विनू, तू काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?” तो म्हणाला, “नाही गं.” आईला हायसं वाटलं. वडिलांनी त्यांच्या पद्धतीने विचारलं: “तुला काय कमी केलं आम्ही?” यावर तो काहीच बोलला नाही.

आपल्या घरांत हा प्रश्न असाच विचारला जातो. आपण त्याचं नावच घेत नाही. ‘वेडंवाकडं’, ‘बरंवाईट’, ‘काहीतरी करून घेणं’ असे शब्द वापरतो आणि शेवटी ‘नाहीस ना’ जोडतो. त्या ‘ना’मध्ये विनवणी असते. ऐकणाऱ्या मुलाला कळतं की आईला ‘नाही’ ऐकायचं आहे, ‘हो’ म्हटलं तर ती कोसळेल. म्हणून तो तिला ‘नाही’ देतो, आईवरच्या मायेपोटी देतो. “तुला काय कमी केलं” हा तर प्रश्नच नसतो, ती तक्रार असते. आधीच घरावर ओझं झालोय असं वाटणाऱ्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक धोंडा.

मामीला मी फोनवर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: सरळ शब्दांत विचार, आणि ‘हो’ आलं तरी तुझा चेहरा पडू देऊ नको. तिची भीती तीच होती जी सगळ्यांची असते. विचारलं आणि त्यातूनच त्याच्या डोक्यात आलं तर? तसं होत नाही. यावर बराच अभ्यास झालेला आहे, आणि विचारल्याने हा विचार रुजत नाही असंच त्यातून दिसतं. उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं, कारण तोपर्यंत तो एकटाच ते घेऊन फिरत असतो.

समोरासमोर बसून, दार लावून, सगळ्यांच्या देखत विचारायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. ती त्याला “रताळी काढायला चल” म्हणून शेतात घेऊन गेली. काम करताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, हात चालू असतात, गप्प राहिलं तरी अवघड होत नाही. अर्धा तास ती कॉलेजचं बोलली. मग जे झालं ते तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं, ते जवळजवळ तसंच देतो.

“रात्रीचा झोपत नाहीस म्हणं?”

“झोप येत नाही.”

“छोटूला मावळे दिलास. अक्काला मेसेज केलास. मला भीती वाटली बघ, म्हणून विचारते. जीव द्यावा असं मनात येतं काय तुझ्या?”

तो बराच वेळ वेल उपटत राहिला. मग म्हणाला, “येतं.”

मामी सांगते, त्या वेळी तिच्या तोंडाशी शंभर गोष्टी आल्या होत्या. आईचं काय होईल, एवढा हुशार पोरगा, एवढ्याशा मार्कांसाठी काय. ती त्यातलं काहीच बोलली नाही. म्हणाली, “बरं झालं सांगितलंस. कधीपासून?”

मग तो बोलायला लागला. कॉलेजात पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. दहावीपर्यंत त्याने गती, त्वरण, बल असं शिकलेलं. इथे तेच सगळं वेगळ्या नावाने, आणि शंका विचारायला हात वर करावा तर वाक्य जुळत नाही. वर्गातली पोरं आपसात कन्नड बोलणारी. पुढच्या बाकावरचा पोरगा मागच्या बाकावर गेला, मग बाहेर. ऑक्टोबरपासून तो आठवड्यातले दोन-तीन दिवस बेळगावच्या बसस्थानकावरच बसून संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. गावात मात्र तो अजून ‘84 टक्केवाला’ होता. सीमेवरच्या कित्येक मुलांचं अकरावीचं वर्ष असंच जातं, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. पण एक सांगतो: कारण मार्क किंवा माध्यम एवढंच असतं असं समजू नका. त्याच वर्गातली दुसरी मुलं नापास होऊनही जेवत-झोपत होती. विनूला त्यासोबत आजार झाला होता, ते पुढे येईलच.

मामीने पुढचे तीन प्रश्न विचारले, आणि घरच्यांनी विचारायचे म्हणून लक्षात ठेवायचे तर हेच. कसं करायचं ते डोक्यात आहे काय? ते घरात आहे काय? कधी, असं काही ठरवलंय काय? त्याने एका वस्तूचं नाव घेतलं, ती घरातच होती, आणि “अक्का येऊन गेली की” असं म्हणाला. नुसतं ‘नकोसं वाटतं’ आणि ‘काय, कुठे, कधी’ ठरलेलं असणं यांत फार फरक आहे. दुसऱ्या बाबतीत उद्यापर्यंत वाट बघायची नसते. तासातासाने हलायचं असतं.

परत येताना तो म्हणाला, “मामी, बाबांना सांगू नको.” इथे बरेच जण चुकतात. मुलाचा विश्वास जाईल म्हणून शपथ घेतात. मामी म्हणाली, “कुणाला आणि कसं सांगायचं ते दोघं मिळून ठरवू. पण सांगणारच नाही असं मी कबूल करणार नाही. तुझ्या जिवाचं गुपित मी पोटात ठेवणार नाही.” त्याने रागाने मान फिरवली. घरी पोचेपर्यंत मात्र तोच म्हणाला, “आधी आईला सांग.”

त्या संध्याकाळी दोन तासांत जे झालं त्यानेच तो वाचला असं माझं मत आहे. मामीने पडवीवरच्या माळ्यातली शेतीची औषधं, उघडी आणि सीलबंद, सगळी पोत्यात भरून दोन घरं पलीकडच्या काकांच्या माळ्यावर ठेवली, कुलूप लावून. आजीच्या बीपीच्या गोळ्यांचा डबा आईच्या ट्रंकेत गेला, रोजच्या दोन गोळ्या बाहेर. विनूने जिचं नाव घेतलं होतं ती वस्तू घराबाहेर गेली. त्याच्या खोलीची आतली कडी काढली. हे सगळं लपून नाही, त्याला सांगून: “हे कायमचं नाही, तुला बरं वाटेपर्यंत.” लोक म्हणतात, ज्याला करायचंच आहे तो काहीही शोधेल. खरं उलटं आहे. हा झटका बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी हाताशी वस्तू नसली तर लाट निघून जाते, आणि माणूस दुसरा मार्ग शोधत बसतोच असं नाही. शेतकऱ्याच्या घरात तर हे सगळ्यात आधी करायचं काम.

रात्री वडील पडवीत त्याच्या शेजारी झोपले. फोन काढून घ्यायचा विचार होता. मी नको म्हटलं. अक्काशी आणि एका मित्राशी तो त्याच फोनवर बोलत होता. कापायच्या धाग्यांत तो धागा नव्हता.

कपडे बदलताना आईला त्याच्या हातावर जुने ओरखडे दिसले. तो महिनाभर फुल बाह्यांचा शर्ट घालत होता, तिला वाटलं कॉलेजची फॅशन. स्वतःला इजा करणारं प्रत्येक मूल मरायलाच निघालेलं असतं असं नाही. पण अशा मुलाला पुढचा धोका जास्त असतो, त्यामुळे ‘नाटकं’ म्हणून ते सोडून देता येत नाही. आई त्याला ओरडली नाही, तिने तेल गरम करून आणलं. वैद्यकीयदृष्ट्या त्या तेलाचा उपयोग शून्य. मी तिला तसं कधी सांगितलं नाही.

सकाळी दवाखान्याचा विषय निघाला तेव्हा वडील अडले. “वेड्यांच्या डॉक्टरकडं? उद्या गावात कळलं तर?” आजीला देवऋष्याकडून अंगारा आणायचा होता. शेजारच्या एकाने तर पोलीस केस होते म्हणून घाबरवलं. मामीने आजीशी वाद घातला नाही. “अंगारा लावा, पण दहाची गाडी चुकवायची नाही.” आणि दाजींना म्हणाली, “दाजी, कावीळ झाली असती तर नेला असता की नाही?” पोलिसांबद्दल मी फोनवर बोललो. विनूने तर काही केलंही नव्हतं. आणि समजा केलं असतं तरी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 115 व्या कलमाप्रमाणे असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. या भीतीपायी लोक उपचार लपवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

बेळगावच्या एका दवाखान्यात एक अडचण आली. डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी बोलणारे, विनू दोन्हींत अडखळणारा. त्यांनी बापालाच दुभाषा केलं. ज्याच्या माराने जखम झाली त्याच्याच तोंडून ती सांगायची! विनू “काही नाही, झोप येत नाही” एवढंच म्हणाला. मामीने बाहेर जाऊन मराठी बोलणारी एक सिस्टर आणली, बापाला चहाला पाठवलं, आणि मग अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले ते चेहरा बदलूनच. आपल्या भागात ही मागणी आधीच करावी: मुलाशी एकट्याने बोला, आणि त्याच्या भाषेचं घराबाहेरचं माणूस द्या. यात भाषेचा वाद नाही, निदान नीट होण्याचा प्रश्न आहे.

निदान नैराश्याचं झालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि दर आठवड्याला बोलण्यासाठी माझ्याकडे पाठवलं. दोन गोष्टी त्यांनी घरच्यांना बजावल्या, त्या मला चांगल्या वाटल्या. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करायची नाही. आणि पहिल्या काही आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ, चिडकं झालं किंवा ते विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच कळवायचं. या वयात या औषधांवर तशी नजर ठेवावीच लागते. गोळ्या आईच्या ताब्यात, एका वेळी एका आठवड्याच्या. नंतरच्या तपासणीला त्याला बेळगावला यावं लागलं नाही. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकाराची ओपीडी असते, तिथेच भागलं.

माझ्या खोलीत आम्ही वहीचं एक पान तयार केलं. वरती त्याच्याच शब्दांत: लाट येते तेव्हा आधी काय होतं. “छाती जड होते, कान गरम होतात, सगळे हसतायत असं वाटतं.” खाली, तेव्हा एकट्याने काय करायचं: विहिरीच्या कट्ट्याकडे नाही, मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर जायचं, तिथे माणसं असतात. मग कुणाला फोन: मामी, अक्का, एक मित्र. मग 14416. शेवटी, घरातून काय बाहेर ठेवलंय आणि ते कुणाकडे आहे. ‘मी असं करणार नाही’ अशी सही मी घेत नाही. त्या सहीने मोठ्यांना झोप लागते, मुलाला आधार मिळत नाही.

सहाव्या आठवड्यात बापाने पाहुण्यांसमोर “आता बरा झाला आमचा” असं जाहीर केलं. हौसेने केलं, पण त्या रात्री विनूला वाटलं की आता वाईट वाटायची परवानगीही संपली. अकरा वाजता त्याने पान काढलं. मामीला लावला, ती झोपलेली. अक्काचा फोन बंद. मग 14416. भाषा विचारल्यावर मराठी निवडली, आणि पलीकडच्या बाईशी वीस-पंचवीस मिनिटं बोलला. काय बोलला ते मी विचारलं नाही. मामीचा मिस्डकॉल बघून पहाटे पाचला फोन आला तेव्हा हा झोपेत होता.

सायन्स त्याने सोडलं. पुढच्या जूनला कॉमर्सला बसला. वर्ष गेलं, त्यावरून घरात अजून कुरबुर होते. बापाने माफी मागितली का, असं लोक विचारतात. तोंडाने नाही मागितली. एकदा माझ्यासमोर ते पोराला म्हणाले, “मी आठवी नापास झालो तेव्हा मलाबी असंच वाटलं होतं. कुणाला सांगितलं नाही.” विनूने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

शेतीच्या औषधांचं पोतं अजून काकांच्या माळ्यावरच आहे. भातावर फवारणीची वेळ आली की बाप तिकडे जातो, लागतं तेवढं पंपात ओतून घेतो, बाटली तिथेच ठेवतो आणि किल्ली काकांच्या हातात देतो. काका मागच्या वेळी म्हणाले, आता घेऊन जा की. ते म्हणाले, “असू दे. माळा मोठा आहे तुझा.”